०.०९९ : डेव्हन ॲलनचा फॉल्स स्टार्ट आणि ब्लॉकमधला सेन्सर

रानवारा

१७ जुलै २०२२, युजीन, ओरेगन. जागतिक मैदानी स्पर्धेची ११० मीटर हर्डल्सची फायनल. डेव्हन ॲलनसाठी हे घरचंच मैदान, कारण तो ओरेगन विद्यापीठाकडून इथेच धावत मोठा झाला. महिनाभर आधी न्यूयॉर्कला त्याने १२.८४ सेकंदांची वेळ दिली होती, म्हणजे तोवरच्या इतिहासातली तिसरी सर्वांत वेगवान धाव. ऑलिंपिक विजेता हॅन्सल पार्चमेंट वॉर्म-अपमध्येच जायबंदी होऊन बाहेर पडला होता. स्टेडियम ॲलनच्या नावाने ओरडत होतं.

गन वाजली, सगळे सुटले आणि लगेच परत बोलावणं आलं. ॲलनचा रिॲक्शन टाइम ०.०९९ सेकंद. नियम सांगतो की ०.१०० च्या आत असेल तर फॉल्स स्टार्ट. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाने तो बाद. सेमीफायनलला त्याचाच आकडा ०.१०१ होता आणि तो चालला. शर्यत ग्रँट होलोवेने १३.०३ मध्ये जिंकली.

मी ती चित्रफीत संथ करून पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ॲलन गनच्या आधी हलला असं कुठेही दिसत नाही. आवाज ऐकूनच निघालो, हे त्याने स्वतःही ठामपणे सांगितलं. मला कळवळून विचारावंसं वाटतं की ब्लॉकमधला सेन्सर नेमकं काय पाहतो? ०.०९९ हा आकडा कशाचा आहे? आणि ०.१०० ची रेघ कुणी, कशाच्या आधारावर ओढली? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अण्णा सोलापूरकर

रानवारा, याचं उत्तर जुनंच आहे. आवाज कानात शिरून मेंदूत जाणार, तिथून हुकूम पायापर्यंत येणार, याला माणसाला किमान दशांश सेकंद लागतोच. त्याच्या आत जो निघाला त्याने अंदाज बांधला, ऐकलं नाही. हे विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे. वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा.

दुसरं म्हणजे, स्टार्टरच्या जवळच्या लेनला आवाज आधी पोहोचतो आणि लांबच्या लेनला उशिरा. तेव्हा हे आकडे तसेही एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नसतात.

स्वप्नील_कोथरूड

मला एक कळलं नाही. रिॲक्शन टाइम शेवटच्या वेळेतून वजा करतात का? तसं असेल तर लवकर निघून फायदाच काय? आणि नसेल, तर सर्वांत कमी रिॲक्शन टाइम असलेला बहुतेक वेळा जिंकत असणार ना?

फोटोफिनिश

राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत तांत्रिक अधिकारी म्हणून काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्वप्नील, वजा काही करत नाहीत. घड्याळ गनपासून सुरू होतं, त्यामुळे रिॲक्शन टाइम शर्यतीच्या वेळेतच धरलेला असतो. लवकर निघणं म्हणजे फायदाच, पण त्यावरच शर्यत ठरत नाही. पॅरिस २०२४ ची १०० मीटरची फायनल आठवा. नोआ लाइल्सचा रिॲक्शन टाइम ०.१७८ होता, फायनलमधला सर्वांत संथ, त्याच्या बरोबरीला फक्त तेबोगो. किशेन थॉम्पसनचा ०.१७६. तरी लाइल्स ९.७८४ विरुद्ध ९.७८९ असा जिंकला.

अण्णा, आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते साध्या गनच्या बाबतीत अगदी खरं आहे. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. स्टार्टर आतल्या बाजूला उभा असेल तर पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये पंचवीस मिलिसेकंदांचा फरक सहज पडतो, आणि २००-४०० मीटरच्या तिरक्या सुरुवातीत त्याहून बराच जास्त. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकच्या मागे स्पीकर असतो. स्टार्टरच्या हातातली गन इलेक्ट्रॉनिक असते. ट्रिगर दाबताच एकच विद्युत संकेत घड्याळाला, सेन्सरच्या यंत्रणेला आणि सगळ्या स्पीकरना जातो. त्यामुळे युजीनच्या त्या शर्यतीत लेनमुळे कुणाला आवाज उशिरा पोहोचला असं म्हणता येत नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एका मिलिसेकंदात आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. स्पीकर आणि कान यांच्यात जे काही अंतर असतं, त्याचाही वेळ त्या आकड्यात मिसळलेला असतोच. ॲलन एका मिलिसेकंदाने गेला.

आता सेन्सर. 'सेट' म्हटल्यावर खेळाडू स्थिर असतो, पण त्याचे पाय ब्लॉकच्या पाट्यांवर आधीच दाब देत असतात. म्हणजे सेन्सरला शून्य कधीच दिसत नाही, एक आडवी रेघ दिसते. गन वाजते. कानातून मेंदू, मेंदूतून स्नायू. स्नायूत विद्युत हालचाल सुरू झाली तरी पाटीवर जोर लगेच उमटत नाही. स्नायू ताणला जातो, तो ताण सांध्यांतून पावलापर्यंत येतो, मग ती आडवी रेघ वर वळते आणि पुढे झपाट्याने चढते. हात जमिनीवरून उचलले जातात ते त्याच्यानंतर, आणि ब्लॉक पूर्ण सुटायला तर गनपासून जवळजवळ अर्धा सेकंद जातो. म्हणून रानवारा, तुम्हाला चित्रफितीत काहीच दिसलं नाही यात नवल नाही. सेन्सर जे टिपतो ते डोळ्याला दिसण्याआधीचं असतं.

काही यंत्रणा पाटीवरचा जोर मोजतात, काही ब्लॉकला बसलेला धक्का. ऑलिंपिकला वेळ मोजणारी ओमेगा कंपनी सांगते की त्यांचा ब्लॉक सेकंदाला ४,००० वेळा मोजणी करतो. एवढ्या बारीक मोजणीमुळे लोकांना वाटतं की ०.०९९ म्हणजे दगडावरची रेघ. पण यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं की ही वर चढणारी रेघ 'निघाला' असं कुठल्या बिंदूला धरायचं. रिॲक्शन टाइम म्हणजे तो बिंदू.

रानवारा

फोटोफिनिश साहेब, हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून सांगाल का? तो बिंदू सगळ्या यंत्रांत सारखा नसतो?

विदा

हे मी सांगू का? बायोमेकॅनिक्स हा माझा अभ्यासाचा विषय आहे.

नाही, सारखा नसतो. मर्यादा ०.१०० हे जागतिक संघटनेने ठरवलं आहे. पण जोराची रेघ किती वर गेली की यंत्राने 'सुरुवात' नोंदवायची, हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या गणितात असतं आणि ते गणित सहसा उघड केलं जात नाही. बिंदू खूप खाली ठेवला तर श्वास घेताना किंवा तोल सावरताना झालेली थरथरही 'सुरुवात' म्हणून नोंदली जाईल. वर ठेवला तर सगळेच उशिरा निघाल्यासारखे दिसतील. दोन यंत्रांत हा बिंदू वेगळा असेल तर तीच धाव एका यंत्रावर ०.०९९ आणि दुसऱ्यावर ०.११० किंवा आणखी वर दिसू शकते. माणूस तोच, कान तोच.

याचा सगळ्यात चांगला पुरावा बीजिंग २००८ च्या आकड्यांत आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथले धावपटूंचे रिॲक्शन टाइम तपासले. स्त्रिया पुरुषांपेक्षा संथ दिसत होत्या. बायकांचे कान किंवा मज्जातंतू संथ आहेत म्हणून? त्यांचं म्हणणं असं की बिंदू दोघांसाठी एकच ठेवला जातो. स्त्रियांचा एकूण जोर कमी असल्यामुळे त्यांची रेघ त्या बिंदूपर्यंत चढायला काही मिलिसेकंद जास्त घेते. स्त्रियांसाठी बिंदू सुमारे २२ टक्के खाली आणला तर हा फरक नाहीसा होतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे आपण ज्याला रिॲक्शन म्हणतो त्या आकड्यात ताकदही मिसळलेली आहे.

आणि अण्णा, दशांश सेकंद सिद्ध झालेला आहे, या तुमच्या म्हणण्याबद्दल. खुद्द जागतिक संघटनेसाठीच फिनलंडच्या संशोधकांनी यावर काम केलं होतं, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी स्नायूंची विद्युत हालचाल, पाट्यांवरचा जोर आणि वेगवान कॅमेरा, तिन्ही एकाच वेळी नोंदवलं. त्यांना माणसामाणसांत मोठा फरक दिसला आणि मर्यादा ०.०८० किंवा ०.०८५ पर्यंत खाली आणावी, अशी शिफारस त्यांनी केली. धावपटू मोजकेच होते, हे मान्य. पण शंभर मिलिसेकंदांच्या आत ऐकून निघणं शरीराला अशक्य आहे, असं म्हणता येत नाही एवढं त्यातून नक्की होतं. संघटनेने मर्यादा बदलली नाही.

अण्णा सोलापूरकर

विदाताई, संशोधन मोठं असेल, पण मोजक्या खेळाडूंवर नियम बदलायचा का? मर्यादा खाली आणली तर अंदाजाने निघणाऱ्यांचं फावेल. पूर्वी प्रत्येकाला एक चूक माफ होती तेव्हा काय चालायचं ते आम्ही पाहिलं आहे. अटलांटा १९९६ ची फायनल! लिनफर्ड क्रिस्टी दोनदा फॉल्स स्टार्ट करून बाद झाला आणि ट्रॅकवरून हलायला तयार नव्हता. बाकीचे बिचारे थंड पडले.

फोटोफिनिश

अण्णा, अटलांटाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. क्रिस्टीचा दुसऱ्या वेळचा आकडा ०.०८६ होता. आजच्या नियमाने तो बादच. फिनलंडवाल्यांची ०.०८५ ची मर्यादा असती तर तो एका मिलिसेकंदाने वाचला असता. आणि ती शर्यत जिंकली कुणी? ०.१७४ ला निघालेल्या डोनोव्हन बेलीने, ९.८४ मध्ये, त्या वेळचा विश्वविक्रम करून.

नियम कसा कडक होत गेला ते थोडक्यात सांगतो. २००२ पर्यंत प्रत्येकाला एक माफ. २००३ पासून सगळ्यांत मिळून एक माफ, त्यानंतर जो करेल तो बाद. त्यात काही जण मुद्दाम पहिला फॉल्स स्टार्ट करून बाकीच्यांवर दडपण आणायचे. मग १ जानेवारी २०१० पासून माफी नाहीच. डेगू २०११ ला बोल्ट त्याच नियमाने बाद झाला, पण तिथे यंत्राची गरजच नव्हती. तो गनच्या आधी उठला हे सगळ्या स्टेडियमने पाहिलं. डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉनमध्ये अजूनही सगळ्यांत मिळून एक माफ आहे.

सेन्सरच्या दृष्टीने मला सगळ्यांत शिकवणारी शर्यत वाटते ती पॅरिस २००३ ची, १०० मीटरची दुसरी फेरी. माफीचा एक फॉल्स स्टार्ट आधीच होऊन गेला होता. मग यंत्राने असाफा पॉवेल ०.०८६ आणि जॉन ड्रमंड ०.०५२ असे दोघे दाखवले. ड्रमंड ट्रॅकवर आडवा झाला, मी हललोच नाही म्हणाला, आणि बराच वेळ शर्यत थांबली. उभं राहून पाहणाऱ्याला तो खरंच निघालेला दिसत नव्हता. पाऊल पाटीवर नुसतं दाबलं किंवा सैल केलं तरी रेघ हलते. शरीर पुढे गेलं नाही तरी.

म्हणून प्रक्रिया अशी आहे की मर्यादेच्या आतला आकडा आला की स्टार्टर आणि रिकॉलर यांच्या हेडफोनमध्ये आवाज येतो. ते दुसरी गन झाडून शर्यत थांबवतात. त्यानंतर पडद्यावर प्रत्येक लेनची रेघ पाहिली जाते. नुसता आकडा पाहायचा नसतो, रेघेचा आकार पाहायचा असतो. झेप घेणाऱ्याची रेघ चढतच जाते, थरथर असेल तर छोटा उंचवटा येऊन ती परत खाली बसते. मग लाल-काळं कार्ड किंवा, कुणाचाच दोष नसेल तर, हिरवं. पण प्रमाणित यंत्रणेने आकडा दिला असेल तर तो सहसा अंतिम धरला जातो. यंत्राची माहिती उघडच चुकीची आहे असं रेफरीला वाटलं तरच वेगळा विचार.

ॲलनची अडचण इथेच आहे. त्याची धाव खरी झेप होती. रेघ चढतच गेलेली असणार. आकार पाहून त्याला सोडायला जागाच नव्हती, राहिला फक्त आकडा.

रानवारा

मग युजीनच्या यंत्राचा तो बिंदूच खाली होता, असं म्हणता येईल का? त्याच स्पर्धेत महिलांच्या १०० मीटर सेमीफायनलला सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेडसुद्धा ०.०९५ ला बाद झाली होती. पुढे पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकली ती हीच.

विदा

युजीनला एकंदरच रिॲक्शन टाइम आधीच्या जागतिक स्पर्धांपेक्षा लहान आले, हे अनेकांच्या लक्षात आलं आणि त्यावर बरंच लिहिलं गेलं. सगळे धावपटू एकाच आठवड्यात जास्त चपळ झाले यापेक्षा मोजण्यात काही फरक पडला हे मला अधिक संभवनीय वाटतं. पण मी 'सिद्ध झालं' म्हणणार नाही. जोराच्या मूळ रेघा आणि कंपनीचं गणित समोर आल्याशिवाय ते सिद्ध होऊच शकत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मर्यादेत आणखी एक अडचण आहे, ती अण्णांच्या बाजूनेही पाहावी लागेल. समजा एकाने खरोखर अंदाज बांधला आणि गननंतर ०.१०५ ला निघाला. यंत्र त्याला सोडून देतं. दुसरा खरोखर ऐकून ०.०९९ ला निघाला, तो बाद. आकडा फक्त वेळ सांगतो. अंदाज होता की ऐकलं होतं, हे त्यात नसतं. अंदाज बांधणाऱ्याला रोखायचं काम खरं तर स्टार्टरचं आहे. त्याने 'सेट' आणि गन यांमधला वेळ दर खेपेला थोडा बदलत ठेवला तर अंदाज फसतो.

मीनल_ठाणे

धागा वाचून राहवलं नाही. माझी मुलगी शाळेकडून १०० मीटर धावते. जिल्हास्तरावरच्या एका स्पर्धेत तिला फॉल्स स्टार्ट म्हणून बाद केलं. तिथे सेन्सर वगैरे काही नव्हतं, ब्लॉकही साधे आणि गनऐवजी लाकडी क्लॅपर. ती खूप रडली. तिच्या बाबांनी फिनिशपाशी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ घेतला आहे. त्यात क्लॅपरचा आवाज येण्याआधी ती निघालेली दिसते, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण नीट पाहिलं तर सगळ्याच मुली आवाजाआधी निघालेल्या दिसतात! मग एकट्या तिलाच का काढलं?

फोटोफिनिश

मीनलताई, त्या व्हिडिओवरून मुलीला दोष देऊ नका. फिनिशपाशी उभं राहिलं की आवाज शंभर मीटर चालून येतो. त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. प्रकाश मात्र लगेच पोहोचतो. म्हणून मोबाइलमध्ये प्रत्येक धावपटू आवाजाच्या आधी सुटलेला दिसणारच, बरोबर निघालेलाही. याच कारणाने हाताने वेळ घेणारे पंच गनचा धूर किंवा चमक पाहून घड्याळ सुरू करतात, आवाज ऐकून नाही. क्लॅपर असेल तर फळ्या एकमेकींवर आपटताना बघायच्या.

आवाज सोडा आणि फक्त चित्र पाहा. इतर मुलींच्या तुलनेत ती किती आधी निघाली?

मीनल_ठाणे

पुढे पुढे सरकवून पाहिलं. बाकीच्यांचे हात उचलायच्या साधारण दोन चौकटी आधी तिचे हात उचललेले आहेत.

फोटोफिनिश

साध्या मोबाइलमध्ये सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. दोन म्हणजे साधारण ६५. बाकीच्या मुली ०.१८ च्या आसपास निघाल्या असं धरलं तर तिचा आकडा ०.११ किंवा ०.१२ च्या जवळ येतो. त्या ०.१५ ला निघाल्या असतील तर ०.०८ किंवा ०.०९. आणि चौकटीच्या मध्येच कुठेतरी हात उचलला असेल तर तेवढीच चूक आणखी. त्यामुळे ती बरोबर होती की नाही हे या व्हिडिओतून ठरत नाही, दोन्ही शक्य आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. यंत्रणा नसते तिथे ०.१०० चा प्रश्नच येत नाही. तिथे स्टार्टर डोळ्याने पाहतो की गनच्या आधी हात जमिनीवरून किंवा पाऊल पाटीवरून सुटलं का. नुसतं अंग हललं आणि हात-पाय जागेवर असतील तर ती सुरुवात धरत नाहीत, फार तर ताकीद मिळते. इतरांच्या आधी एखादी उठून दिसली की डोळ्याला ती गनच्या आधीच उठल्यासारखी वाटते. चांगला स्टार्टर यासाठीच बाजूला, सगळ्या लेन एका नजरेत येतील असा उभा राहतो आणि रिकॉलर दुसऱ्या कोनातून पाहतो. खूप ठिकाणी रिकॉलरच नसतो.

अण्णा सोलापूरकर

मीनलताई, मुलीला धीर द्या. आपल्या ज्योती याराजीचं उदाहरण सांगा तिला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, १ ऑक्टोबर २०२३ ला, १०० मीटर हर्डल्सच्या फायनलला चीनची वू यान्नी आधी सुटली आणि शेजारच्या हालचालीने ज्योतीही. आधी दोघींना बाद ठरवलं. ज्योती जागची हलली नाही, पडद्यावर पाहा म्हणाली. दोघी निषेध नोंदवून धावल्या. नंतर वूला बाद केलं आणि ज्योतीचं कांस्य रौप्य झालं, १२.९१ ची वेळ.

मी तरी अजूनही म्हणेन की मर्यादा ०.१०० च राहावी. ॲलनबद्दल मलाही हळहळ आहे. पण ०.०८० केली तर उद्या कुणी ०.०७९ ला बाद होईल आणि आपण पुन्हा हाच धागा काढू.

विदा

अण्णा, रेघ कुठेही ओढली तरी कुणीतरी काठावर असणार हे खरं. म्हणून माझा आग्रह आकड्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीवर आहे. सगळ्या कंपन्यांचा तो बिंदू एकाच पद्धतीने ठरवा आणि बाद केलेल्या खेळाडूची रेघ त्याला आणि प्रेक्षकांना दाखवा. मग ०.१०० ठेवा की ०.०८०, निदान सगळीकडे एकच गोष्ट मोजली जाईल.

फोटोफिनिश

पद्धत एक करण्याला माझा पूर्ण पाठिंबा. रेघ तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दाखवण्याला नाही. ड्रमंडच्या वेळी काय झालं ते पाहा. आठ खेळाडू उभे, हजारो लोक ओरडताहेत आणि रेफरीने थरथर की झेप याचा निवाडा करायचा. शर्यतीनंतर खेळाडूला आणि त्याच्या संघाला जरूर दाखवावी.

रानवारा

साहेब, नंतर दाखवून ॲलनला काय उपयोग? फायनल तर होऊन गेली होती. शंका असेल आणि आकडा ०.०८० ते ०.०९९ मध्ये असेल तर धावू द्यावं, रेघ नंतर तपासावी. पदक काढून घेता येतं, पण न झालेली धाव नंतर देता येत नाही.

फोटोफिनिश

त्यात शेजारच्या लेनचं नुकसान आहे, कारण जो खरंच आधी सुटला त्याच्या हालचालीने बाकीचे विचलित होतात. ज्योतीच्या बाबतीत तेच झालं. तरी तुमची सूचना मी साफ नाकारत नाही, आमच्या अधिकाऱ्यांतही यावर दोन तट आहेत.

मीनल_ठाणे

पुढच्या महिन्यात तिची पुन्हा स्पर्धा आहे. व्हिडिओ घ्यायचा तर कुठे उभं राहायचं, एवढं सांगा.

फोटोफिनिश

सुरुवातीच्या रेषेच्या सरळ बाजूला, कठड्याबाहेर. मोबाइल स्लो मोशनवर ठेवा, बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटी मिळतात, म्हणजे एक चौकट साधारण चार मिलिसेकंदांची. चौकटीत मुलीचे हात आणि स्टार्टरचा क्लॅपर दोन्ही यायला हवेत, आवाजावर अजिबात विसंबू नका. फळ्या भिडल्या ती चौकट आणि हात सुटले ती चौकट, यांतल्या चौकटी मोजा. आणि सरावात तिच्या सरांना सांगा की 'सेट'नंतर क्लॅपर कधी लवकर, कधी दोन सेकंद थांबून वाजवा. एकाच ठेक्याची सवय झाली की मुली ऐकायच्या आधी निघतात.